पॅकिंग टेबलावर स्कॅन करूनही चुकीचा माल जातो, तो कसा थांबवायचा

आमचा गाळा रबाळे एमआयडीसीत आहे, ठाणे-बेलापूर रोडपासून थोडा आत. केसांची तेलं, साबण, उटणं, शिकेकाई पावडर असला माल ऑनलाइन ऑर्डरवर जातो आणि पॅकिंगचं सगळं मी बघते. स्कॅनर आम्ही आणला तेव्हा वाटलं होतं की आता चुकीचा माल जाणं बंद. आणि मग ऐन दिवाळीच्या आठवड्यात साताऱ्याच्या एका बाईंचा फोटो आला, त्यांनी शिकेकाई साबणाचा ३ चा पॅक मागवला होता आणि बॉक्समध्ये एकच साबण निघाला. सिस्टीममध्ये बघितलं तर ती ऑर्डर व्यवस्थित स्कॅन झालेली, सगळं हिरवं. म्हणजे आमचाच स्कॅनर आमच्याच चुकीला बरोबर म्हणत होता. त्या दिवसापासून मी हे काम मुळापासून परत बसवलं, आणि ते कसं बसवलं ते इथे लिहितेय. छोटा गाळा, एक किंवा दोन पॅकिंग टेबलं, दिवसाला पन्नास ते तीनशे ऑर्डरी, असं ज्यांचं काम आहे त्यांच्यासाठी हे आहे.

आधी हे लक्षात घ्या की स्कॅनर फक्त एक नंबर वाचतो. त्याला साबण कळत नाही, तेल कळत नाही. तो नंबर ऑर्डरमधल्या नंबराशी जुळला की हिरवं, नाही जुळला की लाल. त्यामुळे हातातल्या पिसावर कुठला नंबर आहे आणि सिस्टीममध्ये त्या मालापुढे कुठला नंबर लिहिलाय, या दोन गोष्टी पक्क्या नसतील तर महागातला स्कॅनर घेऊन काही उपयोग नाही. म्हणून सुरुवात टेबलापासून नाही, मास्टरपासून.

मास्टर साफ करणं

मास्टर म्हणजे तुमच्या सगळ्या मालाची यादी, प्रत्येक ओळीत नाव आणि बारकोड. एक दिवस काढा, शक्यतो रविवार, आणि रॅकवरचा प्रत्येक प्रकारचा एकेक पीस हातात घेऊन स्कॅन करून ही यादी नव्याने बनवा. पुरवठादाराने पाठवलेल्या शीटमधून कॉपी-पेस्ट करू नका. मी ते केलं होतं आणि त्यात दोन तेलांचे नंबर आपसात बदललेले निघाले.

यादी एक्सेलमध्ये असेल तर बारकोडचा कॉलम सगळ्यात आधी टेक्स्ट फॉरमॅटला टाका, नंबर भरायच्या आधी. नाहीतर समजा 8901234567890 असा तेरा आकडी कोड आहे, तर एक्सेल तो 8.90123E+12 असा दाखवतं. नुसतं दाखवतं तोपर्यंत ठीक, आतला आकडा शाबूत असतो. पण तीच शीट कोणी सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसतंय तेच सेव्ह होतं, आणि परत उघडल्यावर तुमचा कोड 8901230000000 झालेला असतो. मागचे आकडे कायमचे गेले. हे झालंय हे ओळखायची खूण म्हणजे सकाळी अचानक प्रत्येक पीस लाल व्हायला लागतो, आणि लोक स्कॅनरला शिव्या घालत बसतात. स्कॅनर बिचारा बरोबर वाचत असतो.

आता आमची चूक नेमकी कुठे झाली ते सांगते. शिकेकाई साबण सुटा विकला जातो, आणि तोच साबण तीनचा गठ्ठा करून पारदर्शक प्लास्टिकमध्ये श्रिंक करून ३ चा पॅक म्हणूनही विकला जातो. पॅकला वेगळा बारकोड छापलेलाच नव्हता. ज्याने मास्टर भरला त्याने पॅक हातात घेतला, स्कॅन केला, प्लास्टिकच्या आरपार आतल्या एका साबणाचा कोड वाचला गेला, आणि तोच पॅकपुढे लिहिला गेला. म्हणजे मास्टरमध्ये दोन वेगळ्या मालांना एकच नंबर. मग पिकरने चुकून सुटा साबण आणला, पॅकरने स्कॅन केला, ऑर्डरमध्ये ३ चा पॅक १ नग, नंबर जुळला, हिरवं झालं, बॉक्स बंद. पॅकरची यात काहीच चूक नव्हती. तिने जे करायला सांगितलं होतं तेच केलं.

म्हणून मास्टर झाल्यावर पहिली तपासणी ही करा की एकच बारकोड दोन ओळींत आहे का. एक्सेलमध्ये कॉलम सिलेक्ट करून कंडिशनल फॉरमॅटिंगमधून डुप्लिकेट रंगवले की दोन मिनिटांत कळतं. आमच्याकडे पहिल्यांदा रंगवले तेव्हा सहा जोड्या निघाल्या. चार मल्टिपॅकच्या होत्या, आणि दोन अशा की कंपनीने सुगंध बदलला पण बारकोड तोच ठेवला, मोगरा आणि गुलाब एकाच नंबरवर. स्कॅनरला हे दोन कधीच वेगळे दिसणार नाहीत. अशा मालाला स्वतःचं लेबल लावण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

स्वतःचं लेबल कुठे आणि कसं

स्वतःचं लेबल तीन ठिकाणी लागतं: मल्टिपॅकला, एकाच नंबरावर दोन प्रकार असतील तिथे, आणि ज्या मालाला बारकोडच नाही तिथे. आमचं उटणं बदलापूरच्या एका बचत गटाकडून सुटं येतं, पाकिटावर नुसतं नाव छापलेलं. त्याला आम्ही UTN050 असा कोड दिला, उटणं ५० ग्रॅम. कोड छोटा ठेवा. कोड १२८ प्रकारात हा सहा अक्षरांचा कोड साध्या २०३ डीपीआयच्या लेबल प्रिंटरवर, सगळ्यात बारीक रेघ दोन ठिपक्यांची ठेवली, तर जेमतेम २५ मिमी रुंद येतो, आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिमी कोरी जागा सोडावी लागते. म्हणजे ३० मिमीत काम होतं, ५० बाय २५ च्या लेबलवर आरामात बसतं. लोक काय करतात, की कोडमध्येच नाव, सुगंध, वजन, महिना सगळं कोंबतात, मग रेघा बारीक कराव्या लागतात आणि स्कॅनर अडखळतो. नाव लेबलवर अक्षरात लिहा, बारकोडमध्ये नको. आणि कडेची कोरी जागा डिझाइनच्या नादात खाऊ नका, बॉर्डर वगैरे काढू नका, स्कॅनरला कोड कुठे सुरू होतो ते त्या कोऱ्या जागेवरूनच कळतं.

मल्टिपॅकवर लेबल लावताना ते आतल्या बारकोडच्या बरोब्बर वर लावा. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. नुसतं शेजारी लावलं तर स्कॅनरला दोन कोड दिसतात, आणि जो आधी दिसेल तो वाचला जातो. श्रिंक पॅकमधून तिन्ही साबणांचे कोड दिसत असतील तर तिन्ही झाका, एकावर लेबल आणि बाकी दोनवर कोरं स्टिकर. काम कंटाळवाणं आहे, पण माल उतरला की तेव्हाच करून रॅकला लावायचा, पॅकिंगच्या वेळी नाही.

तेलाच्या बाटलीवर लेबल उभं लावा, म्हणजे रेघा आडव्या दिसल्या पाहिजेत, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. आडवं लावलं तर बाटलीच्या गोलाईवर कोडाची दोन्ही टोकं मागे वळतात आणि स्कॅनरला पूर्ण दिसत नाहीत. आणि तेलाच्या मालाला डायरेक्ट थर्मल लेबल वापरू नका, कुरियरच्या लेबलचा रोल असतो तो. तेलाचा हात लागला की छपाई उडते. पहिल्या पावसाळ्यात आमची निम्मी लेबलं अशीच फिकी पडली होती. रिबनवाल्या प्रिंटरवर छापलेलं लेबल टिकतं.

स्कॅनरची सेटिंग

यूएसबीचा साधा स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने कीबोर्डच. कोड वाचला की तो आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो. एंटर दाबत नसेल तर त्याच्या माहितीपुस्तिकेत सेटिंगचे बारकोड असतात, त्यातला एंटरचा कोड एकदा स्कॅन केला की झालं.

कीबोर्ड आहे म्हणून कीबोर्डच्या सगळ्या भानगडीही येतात. आमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर संध्याकाळी एक जण मराठीत मेसेज टाइप करायचा आणि इनपुट मराठीवरच ठेवून जायचा. दुसऱ्या दिवशी UTN050 स्कॅन केलं की भलतीच देवनागरी अक्षरं यायची आणि सगळं उटणं लाल. कॅप्स लॉक चालू राहिलं तर मोठी अक्षरं लहान होतात, तेही तसंच. पॅकिंगच्या कॉम्प्युटरवर एकच भाषा ठेवा, इंग्रजी, दुसरी काढूनच टाका.

आजकाल प्रत्येक पाकिटावर क्यूआर असतो, तो कंपनीच्या वेबसाइटचा किंवा ऑफरचा. २डी स्कॅनर तोही वाचतो आणि स्क्रीनवर लांबलचक लिंक येऊन लाल होतं. तुम्हाला क्यूआर कुठेच लागत नसेल तर पुस्तिकेतून क्यूआर वाचणं बंद करा. बाहेरच्या कार्टनवर जो जाड चौकटीतला चौदा आकडी कोड असतो, तोही पॅकिंगच्या टेबलावर बंदच ठेवा, तो माल उतरवताना कामाला येतो, सुट्या पिसाला त्याचा संबंध नाही.

आणि स्कॅनर स्टँडवर लावा. हातात बंदूक धरली की एका हाताने पीस, दुसऱ्या हाताने स्कॅनर, मग स्कॅनर ठेवायचा, मग पीस बॉक्समध्ये. स्टँडवर असेल तर पीस त्याच्याखालून नेत नेतच बॉक्समध्ये जातो. हे नुसतं सोयीचं म्हणून नाही, पुढे कळेल का ते.

टेबलाची मांडणी आणि प्रत्यक्ष काम

टेबलावर डावीकडे पिकरने आणलेला क्रेट, मध्ये स्कॅनर, उजवीकडे उघडा बॉक्स. एका वेळी टेबलावर एकच ऑर्डर. दुसऱ्या ऑर्डरचा क्रेट खाली किंवा मागच्या रॅकवर, टेबलावर नाही, कितीही घाई असली तरी.

मग क्रम असा. आधी पिकलिस्टवरचा ऑर्डरचा बारकोड स्कॅन करायचा, त्याने स्क्रीनवर त्या ऑर्डरच्या ओळी उघडतात, प्रत्येकापुढे किती नग हवेत. मग क्रेटमधून एक पीस उचलायचा, स्कॅनरखालून न्यायचा, आवाज ऐकायचा आणि तोच पीस त्याच हाताने बॉक्समध्ये. मग पुढचा. एक पीस, एक स्कॅन, एकदा बॉक्समध्ये. पुष्कळ जण आधी सगळे पीस स्कॅन करून टेबलावर मांडतात आणि मग बॉक्समध्ये भरतात, आणि तिथेच घोळ होतो, कारण स्कॅन झालेला पीस आणि बॉक्समध्ये गेलेला पीस एकच आहे याची खात्री राहत नाही. स्कॅन केलेली बाटली टेबलावर मागे राहते, शेजारची जाते.

शेवटी दोन शून्यं बघायची. स्क्रीनवर उरलेले नग शून्य, आणि डावीकडचा क्रेट रिकामा. दोन्ही पाहिजेत. स्क्रीन शून्य आहे पण क्रेटमध्ये अजून काही आहे, म्हणजे पिकरने जास्त आणलंय किंवा तुम्ही एकच पीस दोनदा स्कॅन केलाय. क्रेट रिकामा आहे पण स्क्रीनवर १ उरलाय, म्हणजे कमी आलंय किंवा एक पीस स्कॅन न होताच बॉक्समध्ये गेलाय. बॉक्स उपडा करून पुन्हा सुरू करा, अंदाजाने काही भरू नका.

एक ऑर्डर घेऊन दाखवते. ब्राह्मी तेल १०० मिली, २ नग. शिकेकाई साबण सुटा, ३ नग. अभ्यंग सेट, १ नग. म्हणजे सहा स्कॅन. पहिली बाटली, हिरवं, स्क्रीनवर ब्राह्मी १ उरलं. दुसरी बाटली, लाल. हातात बघितलं तर माक्याचं तेल, तोच आकार, तेच हिरवं झाकण, रॅकवर शेजारचाच कप्पा. ही बाटली लाल टबमध्ये, आणि पिकरला हाक मारून ब्राह्मीची बाटली मागवली. ती येईपर्यंत थांबायचं, पुढची ऑर्डर मध्येच उघडायची नाही. बाटली आली, हिरवं. मग साबण. पिकरने तीन सुटे न आणता ३ चा श्रिंक पॅक आणलाय. पॅकवर आता आमचं स्वतःचं लेबल आहे, म्हणून लाल. हाच पॅक जुन्या पद्धतीत तीनदा स्कॅन करून हिरवा झाला असता, गिऱ्हाइकाला तीन साबण मिळाले असते, पण सुट्या साबणाचा स्टॉक तीनने आणि पॅकचा एकने चुकला असता, आणि आठवड्याने रॅकवर काहीच जुळलं नसतं. पॅक लाल टबमध्ये, तीन सुटे आले, तीन स्कॅन. शेवटी अभ्यंग सेट.

सेटबद्दल थोडं जास्त सांगते, कारण दिवाळीत यानेच सगळ्यात जास्त त्रास दिला. सेटमध्ये उटणं, सुगंधी तेल आणि साबण. याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ऑर्डरमध्ये सेट आला की सॉफ्टवेअरने त्याच्या तीन ओळी करायच्या आणि टेबलावर तीन स्कॅन. दुसरा म्हणजे सेट आधीच भरून, बंद करून, त्यावर सेटचं लेबल लावून ठेवायचं आणि टेबलावर एकच स्कॅन. आम्ही दुसरा घेतला, कारण सेटचा पुठ्ठ्याचा खोका बंद असतो आणि आतलं काही वाचलं जात नाही. पण मग सेट भरणाऱ्या टेबलावरसुद्धा तीन स्कॅन झाल्याशिवाय सेटचं लेबल छापलं जाता कामा नये. नाहीतर खोक्यात दोन साबण आणि उटणं गायब, वर लेबल मात्र अभ्यंग सेट, आणि पॅकिंगवर हिरवंच होणार. आणि मास्टरमध्ये दोन्ही मार्ग एकाच सेटला चालू ठेवू नका, अर्धे खोके बंद आणि अर्धे सुटे असले की पॅकर काय करायचं या विचारात पडते.

लेबल शेवटी

कुरियरचं लेबल हे शून्य-शून्य झाल्यावरच छापायचं. माझ्या मते या सगळ्या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. लेबल आधीच छापून ठेवलेलं असलं की लाल झालं तरी बॉक्स जाऊ शकतो, संध्याकाळी ४ ला पिकअपची गाडी बाहेर हॉर्न वाजवत असते आणि कोणीतरी म्हणतं जाऊ दे, एकच तर पीस आहे. लेबलच नसेल तर बॉक्स जाऊच शकत नाही. स्कॅन तेव्हाच खरा दरवाजा होतो.

काही ठिकाणी लेबलं सकाळीच गठ्ठ्याने छापून येतात, मार्केटप्लेसचं तसं असतं. मग उलटं करा. पिकलिस्टऐवजी त्या लेबलवरचाच बारकोड स्कॅन करून ऑर्डर उघडा, म्हणजे हातातलं लेबल आणि स्क्रीनवरची ऑर्डर एकच आहे हे पक्कं होतं. स्कॅन पूर्ण झाल्यावर तेच लेबल लगेच चिकटवा, आणि चिकटवल्यावर परत एकदा स्कॅन करा. दोन बॉक्स शेजारी शेजारी उघडे असले आणि लेबलं अदलाबदल झाली तर आतला माल कितीही बरोबर असला तरी दोन्ही गिऱ्हाइकांना चुकीचं जातं, आणि ते एका ऑर्डरच्या चुकीपेक्षा दुप्पट महाग पडतं.

सॉफ्टवेअर नसेल तर

दिवसाला तीस-चाळीसच ऑर्डरी असतील तर आधी एक्सेलवर करून बघा. Order नावाच्या शीटमध्ये A मध्ये बारकोड, B मध्ये नाव, C मध्ये किती हवेत, आणि D मध्ये किती उरले:

```
=C2-COUNTIF(Scan!A:A,A2)
```

Scan नावाच्या शीटमध्ये A कॉलम टेक्स्ट फॉरमॅटचा, कर्सर A2 वर ठेवून स्कॅन करत जायचं, स्कॅनर स्वतःच एंटर देऊन खाली उतरतो. B मध्ये:

```
=IF(A2="","",IF(COUNTIF(Order!A:A,A2)=0,"चूक","ठीक"))
```

हे दोन्ही फॉर्म्युले खाली ओढा. "चूक" आलं की तो माल ऑर्डरमध्येच नाही. D मध्ये उणे आकडा आला की जास्त गेलाय. D शून्य झाला की ओळ पूर्ण. कंडिशनल फॉरमॅटिंगने उणे लाल आणि शून्य हिरवं करून घ्या. ऑर्डर झाली की Scan चा A कॉलम रिकामा करायचाच, नाहीतर मागच्या ऑर्डरचे स्कॅन पुढच्या ऑर्डरमध्ये मोजले जातात आणि न भरलेला माल भरल्यासारखा दिसतो.

याच्या मर्यादा मात्र लक्षात ठेवा. एक्सेल काही अडवत नाही, नुसतं दाखवतं. चुकीला वेगळा आवाज येत नाही, स्कॅनरची बीप फक्त कोड वाचला एवढंच सांगते, जुळला असं सांगत नाही, आणि नवीन पॅकरचा इथेच गैरसमज होतो. बीप झाली की ती पीस टाकते, स्क्रीनकडे बघतच नाही. चांगलं सॉफ्टवेअर घ्याल तेव्हा चुकीला कॉम्प्युटरच्या स्पीकरवर वेगळा मोठा आवाज आहे का आणि चूक झाल्यावर पुढचा स्कॅन घ्यायला ते नकार देतं का, हे दोन प्रश्न आधी विचारा.

पॅकर शॉर्टकट घेतेय हे कसं कळतं

तीन साबण हवेत तर एकच साबण तीनदा स्कॅन करणं, हा सगळ्यात सोपा शॉर्टकट. आणि तो आळसाने होत नाही, टार्गेट डोक्यावर असलं की होतो. बहुतेक वेळा तीन साबण जातातही बरोबर. पण एखाद्या दिवशी त्यातला तिसरा दुसऱ्या सुगंधाचा असतो. दुसरा शॉर्टकट म्हणजे रॅकवरचं किंवा भिंतीवर चिकटवलेलं कोडांचं पान स्कॅन करणं. न वाचल्या जाणाऱ्या मालासाठी म्हणून कोणीतरी असं पान बनवतं, आणि मग सगळ्यासाठीच ते वापरलं जातं. ते पान दिसलं की काढून टाका, आणि ज्या मालासाठी बनवलं होतं त्याला नवीन लेबल लावा.

कळतं कसं, तर स्कॅनच्या वेळांवरून. सॉफ्टवेअर प्रत्येक स्कॅनची वेळ ठेवत असेल तर संध्याकाळी ती यादी काढा आणि एकाच ऑर्डरमध्ये एकच कोड एका सेकंदाच्या आत परत आलाय का ते बघा. पीस उचलून, खालून नेऊन, बॉक्समध्ये ठेवून दुसरा उचलायला दोन-तीन सेकंद तरी लागतातच. स्टँडवरचे स्कॅनर एकच कोड समोर राहिला तर पटापट दोनदाही वाचतात, म्हणून पुस्तिकेतून तोच कोड परत वाचण्यामधला वेळ थोडा वाढवून घ्या, मग जे उरतं ते हाताने केलेलं असतं. आमच्या एका काकूंच्या यादीत असं खूप दिसलं, मी बसून बोलले तेव्हा कळलं की श्रिंकचं प्लास्टिक चकाकत असल्यामुळे त्यांना प्रत्येक पीस चार-चार वेळा फिरवावा लागत होता, म्हणून एकदा वाचलेलाच त्या परत वाचवत होत्या. वरची ट्यूबलाइट थेट स्कॅनरच्या डोक्यावर होती, ती बाजूला सरकवली आणि प्रश्न मिटला.

वाचला न जाणारा कोड हाताने टाइप करायची सोय शक्यतो बंदच ठेवा. ठेवायचीच असेल तर फक्त सुपरवायझरला, आणि सॉफ्टवेअरने शेवटचा चेक डिजिट तपासला पाहिजे. तेरा आकडी कोडाचा शेवटचा आकडा आधीच्या बारा आकड्यांवरून काढलेला असतो, त्यामुळे एक आकडा चुकला तर लगेच पकडला जातो. पण पॅकरने दुसऱ्याच पाकिटावरचा नंबर बघून बरोबर टाइप केला तर ते कोणीच पकडत नाही.

स्कॅन काय पकडत नाही

बारकोडमध्ये किंमत नसते, बॅच नसते, एक्स्पायरी नसते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये २२ तारखेपासून साबण आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा रॅकवर एकाच तेलाच्या जुन्या एमआरपीच्या आणि नव्या एमआरपीच्या बाटल्या एकत्र होत्या, कोड दोन्हीचा तोच. स्कॅनर दोन्हीला हिरवंच म्हणणार. आम्ही जुना माल वेगळ्या रॅकवर नेला आणि ज्यांना नवीन स्टिकर लागलेलं नाही ते पिकिंगला उघडेच ठेवले नाहीत. एक्स्पायरीचंही तसंच, ती रॅकवर माल लावताना बघायची, पॅकिंगच्या टेबलावर ते ओझं टाकलं तर ना धड स्कॅन होतं ना एक्स्पायरी. गळकी बाटली मात्र पॅकरच्या हातालाच कळते, म्हणून झाकण एकदा अंगठ्याने दाबून बघायची सवय लावा.

शेवटी लाल टब. दिवसभरात लाल झालेला प्रत्येक पीस त्यात पडतो, आणि सुट्टी व्हायच्या आधी तो रिकामा करायचा. पण पीस नुसता परत रॅकवर ठेवू नका. त्याला घेऊन रॅकपाशी जा आणि त्याच्या कप्प्यात नाही, तर तो ज्या कप्प्यातून उचलला गेला तिथे बघा. त्या दिवशी माक्याची बाटली घेऊन मी ब्राह्मीच्या कप्प्यापाशी गेले तर मागच्या ओळीत माक्याच्या अजून अकरा बाटल्या होत्या, माल उतरवणाऱ्याने एक अख्खा खोका चुकीच्या कप्प्यात लावला होता. त्या तशाच राहिल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी अकरा वेळा लाल झालं असतं आणि अकरा वेळा पिकरला हाक मारावी लागली असती.